नोटेनं मापलेला ठोकळा

प्रश्न: दिवाळी अंकासाठी कुमारकथा लिहितेय. प्रभादेवीच्या जत्रेत आठवीतला सोहम रिंग टाकायचा खेळ खरा की खोटा हे तपासतो. तो बाजूला उभा राहून मोजत राहतो, पाचशेच्या नोटेवर कुणाचीच रिंग बसत नाही, मग तो सगळ्यांसमोर रिंगवाल्याला पकडतो, असं डोक्यात आहे. गणिताचे शिक्षक वाचतील तेव्हा त्यांना पटेल असं त्याला नक्की काय करायला लावू?

उत्तर:

नुसत्या मोजणीवर रिंगवाला सापडणार नाही, आणि गणिताचे शिक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. मोजणीनं सोहमला संशय येऊ दे. पकडायचं असेल तर माप हवं. आणि माप घेण्याचं साधन त्याच्या खिशात आणि रिंगवाल्याच्या ठोकळ्यावर आधीपासूनच आहे, म्हणून ही कथा जमण्यासारखी आहे.

मोजणी का पुरत नाही ते आधी आकड्यांत बघा. पन्नास रुपयांत पाच रिंगा, म्हणजे एक रिंग दहा रुपयांची. सोहम तासभर उभा राहतो, पाचशेच्या नोटेवर टाकलेल्या १२० रिंगा मोजतो आणि एकही बसत नाही. मुलांना वाटतं, झालं की सिद्ध! पण समजा खेळ अगदी सरळ आहे आणि शंभरात एक रिंग बसते. तरीही सलग १२० रिंगा फुकट जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे. म्हणजे तीन-चार संध्याकाळींपैकी एकीला सोहमला हेच दिसलं असतं. अगदी पन्नासात एक बसत असेल, म्हणजे लोकांनी घातलेले पैसे सरासरीनं पूर्ण परत मिळत असतील, तरी १२० वेळा शून्य येण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास राहते. यासाठी हाताशी ठेवायला एक सोपा हिशोब आहे: सलग इतक्या वेळा काहीच घडलं नाही, तर ३ ला त्या संख्येनं भागा. ३ भागिले १२० म्हणजे अडीच टक्के. खरी शक्यता अडीच टक्क्यांहून जास्त नसावी, एवढंच सोहम बऱ्यापैकी खात्रीनं म्हणू शकतो. अडीच टक्के म्हणजे चाळिसात एक, आणि चाळिसात एक हा दर तर खेळणाऱ्याच्या फायद्याचाच झाला! तेव्हा या मोजणीवरून ‘लबाड’ म्हणता येत नाही. हे वाक्य सोहमच्या ताईच्या तोंडी घाला. तिनं त्याची वही बघून ‘तुझा नेम वाईट, लोकांचा नेम वाईट, एवढंच कळलं यातून’ असं म्हटलं की कथेला धक्का मिळतो आणि मुलगा दुसरा उपाय शोधायला लागतो.

तरी मोजणी कथेत ठेवा, फक्त नीट करून घ्या. त्यानं माणसं मोजायची नाहीत, रिंगा मोजायच्या. साबण, बिस्किटचे पुडे आणि नोटा यांची खाती वेगळी, कारण साबणावर रिंगा बसतात आणि त्या बसतात म्हणूनच गर्दी हलत नाही. कशावर नेम धरला आहे हे रिंग सुटण्याआधी ठरवायचं, पडल्यावर नाही. नाहीतर साबणाजवळ पडलेली प्रत्येक रिंग साबणाच्या खात्यात जाते. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, एवढं पुरे. यावर दोन परिच्छेदांपेक्षा जास्त खर्च करू नका.

मोजताना त्याला एक गोष्ट मात्र दिसू द्या. नोटेच्या ठोकळ्यावर नेमकी पडलेली रिंग घसरून खाली जात नाही. एका बाजूनं दोन कोपऱ्यांवरून खाली उतरते, दुसऱ्या बाजूनं ठोकळ्याच्या माथ्यावर अडकते आणि तिरकी टेकून राहते. गर्दी ‘अरे अरे, थोडक्यात!’ म्हणून चुकचुकते. हे ‘थोडक्यात’ फार वेळा घडतं आणि ‘पूर्ण’ एकदाही नाही, हे सोहमला खटकायला हवं. नेम चुकत असता तर रिंगा इकडे तिकडे पडल्या असत्या. इथे नेम लागतोय आणि तरी रिंग अडतेय.

आता माप. नियम असा धरा: रिंग ठोकळ्याभोवती पूर्ण खाली, फळीवर सपाट बसली पाहिजे, ठोकळ्याला टेकून राहिली तर बाद. जत्रेत बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो. ठोकळा लाकडी, चौकोनी, सरळ उभा. रिंग गोल. इथे मुलांची आणि मोठ्यांचीही नजर एकाच जागी फसते. माणूस रिंगेची रुंदी ठोकळ्याच्या बाजूशी ताडून बघतो. पण गोल रिंगेतून चौकोनी ठोकळा जायचा असेल तर बाजूला अर्थ नाही, कर्णाला आहे. ८ सेंटीमीटर बाजूच्या ठोकळ्याचा कर्ण ११.३ सेंटीमीटर भरतो. आतून साडेदहा सेंटीमीटरची रिंग त्यावरून जाणार नाही. पण लांबून बघा: रिंगेची नळी बोटाएवढी जाड, त्यामुळे बाहेरून ती तेरा सेंटीमीटरच्या आसपास दिसते, आणि समोर आठाचा ठोकळा. कुणालाही वाटेल की पाच सेंटीमीटर मोकळी जागा आहे. प्रत्यक्षात आठ मिलिमीटर कमी पडतात.

कुणी म्हणेल, तिरकी टाकली तर? तिरकी रिंग वरून बघितली तर अंडाकृती दिसते, म्हणजे एका दिशेनं आणखी अरुंद. सरळ उभ्या ठोकळ्यासाठी तिरकेपणानं काम अवघडच होतं, सोपं कधीच होत नाही. शिवाय शेवटी तिला सपाटच बसायचं आहे. त्यामुळे ‘रिंगेचा आतला व्यास कर्णापेक्षा मोठा हवा’ ही अट फेकण्याच्या कोणत्याही पद्धतीला चुकत नाही. नेम कितीही चांगला असला तरी. मोजणीला जे जमलं नाही ते या एका वाक्याला जमतं, आणि पायथागोरसचा सिद्धान्त आठवीच्या मुलाला माहीत असतो.

प्रश्न उरतो माप घ्यायचं कसं. कंपासपेटीतली पट्टी काढली तर रिंगवाला हुसकावून लावेल. म्हणून नोटा. नव्या दहाच्या नोटेची लांबी १२३ मिलिमीटर आणि रुंदी ६३. नव्या पाचशेच्या नोटेची लांबी १५० आणि रुंदी ६६. हे आकडे ठरलेले आहेत. नोट कितीही मळली तरी तिची लांबी बदलत नाही.

रिंग मोजायची ती दहाच्या नोटेनं, आणि पन्नास रुपये देऊन पाच रिंगा हातात आल्यावर. इथे लिहिताना एक चूक हमखास होते: मुलगा नोट उघडी करून रिंगेच्या आत आडवी धरतो, असं लिहिलं जातं. ते शक्य नाही. नोट ६३ मिलिमीटर रुंद आहे. तिचे कोपरे रिंगेला आधीच टेकतात आणि आत जेमतेम ८४ मिलिमीटर लांबी मावते. नोट आधी लांबीला समांतर तीनदा दुमडायला हवी, म्हणजे आठ मिलिमीटरची अरुंद पट्टी होते, तिकीट दुमडतात तशी. ती पट्टी रिंगेवर ठेवायची, एक टोक आतल्या कडेशी लावायचं आणि दुसरीकडे आतली कड जिथे येते तिथे अंगठ्याच्या नखानं दुमड घालायची. पट्टी बरोबर मधून जायला हवी, नाहीतर माप कमी येतं. पण हे माप बरंच क्षमाशील आहे. मध्यापासून अर्धा सेंटीमीटर सरकलं तर फरक अर्ध्या मिलिमीटरचाच पडतो, एक सेंटीमीटर सरकलं तर दोन मिलिमीटरचा. चूक नेहमी एकाच बाजूला होते, रिंग आहे त्यापेक्षा लहान भासते, म्हणजे रिंगवाल्यावर अन्याय होण्याच्या बाजूला. म्हणून सोहमनं दोन-तीनदा पट्टी फिरवून सगळ्यात मोठं माप धरायचं. हा बारकावा कथेत आला तर मुलगा प्रामाणिक ठरतो, आणि त्यासाठी एक वाक्य पुरतं. घरी जाऊन दुमडलेला तुकडा पट्टीवर मोजला तर १८ मिलिमीटर भरतो. १२३ वजा १८, म्हणजे रिंग आतून १०५.

ठोकळ्याला हात लावता येत नाही, तो दोरीपलीकडे आहे. पण त्यावर बक्षीस गुंडाळलेलं आहे, आणि बक्षीस हीच मोजपट्टी आहे. ठोकळा कोपरा समोर करून ठेवलेला असू दे. तसे ते ठेवतातच, दोन बाजू दिसतात आणि माल भारी वाटतो. पाचशेची नोट त्या समोरच्या कोपऱ्याभोवती आडवी दुमडून रबरबँडनं बसवलेली. सोहमला फक्त एवढंच बघायचं आहे की नोटेच्या दोन्ही टोकांपलीकडे लाकूड उघडं दिसतं का. दिसत असेल, तर दोन बाजू मिळून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त आहेत. म्हणजे एक बाजू ७५ पेक्षा जास्त, कर्ण १०६ पेक्षा जास्त, आणि रिंग १०५. संपलं. त्याला अंदाजानं काही ठरवायचं नाही, दोन मीटरवरून मिलिमीटर वाचायचे नाहीत. लाकूड दिसतं की नाही, एवढाच प्रश्न. तुमच्या कथेतली सगळ्यात देखणी जागा ही आहे, तिला वेळ द्या.

सीमेवरच्या केसमध्ये मात्र हे माप डगमगतं. १०६ आणि १०५ यात फरक एकाच मिलिमीटरचा, आणि ठोकळ्याचे कोपरे वापरून झिजलेले, गोल झालेले असतात. कोपरा तीन मिलिमीटर त्रिज्येनं गोल झाला असेल तर कर्ण अडीच मिलिमीटरनं कमी होतो, आणि मग रिंग कशीबशी जाऊ शकते. म्हणून कथेतला ठोकळा ८० मिलिमीटरचाच ठेवा. तेव्हा नोटेच्या दोन्ही टोकांना मिळून सेंटीमीटरभर लाकूड उघडं दिसतं, दोन्हीकडे अर्धा-अर्धा. आणि झिजेची वजाबाकी करूनही कर्ण ११० च्या पुढेच राहतो. शिक्षकांना शंका काढायला जागा नाही.

इथवर आलात की बहुतेक लेखक सोहमला ओरडायला लावतात: ‘काका, रिंग बसतच नाही!’ आणि इथेच रिंगवाला जिंकतो. कारण तो शांतपणे उठतो, रिंग उचलतो आणि सगळ्यांसमोर ठोकळ्यावर बसवून दाखवतो. रिंग थेट फळीपर्यंत खाली. गर्दी हसते, सोहमचं तोंड पडतं. हा प्रसंग घ्याच. तो खोटा नाही, त्यामागे गणित आहे.

रिंग मऊ प्लास्टिकच्या नळीची असते. तिचा आतला व्यास १०५ मिलिमीटर, म्हणजे आतला परीघ ३३० च्या जवळपास. ठोकळ्याची परिमिती चार आठे बत्तीस, ३२० मिलिमीटर. परीघ परिमितीपेक्षा दहा मिलिमीटरनं जास्त आहे! गोल असताना रिंग ठोकळ्यावरून जात नाही, पण हातानं दाबून चौकोनी केली की जाते. दोन अंगठे अलीकडच्या दोन कोपऱ्यांवर, दोन्ही हातांची बोटं पलीकडच्या दोन कोपऱ्यांवर, आणि एक झटका. हवेतून येणाऱ्या रिंगेला असे चार हात नसतात. ती गोल येते, गोलच पडते.

हे कोणत्याही मापाला लावून बघता येईल. ठोकळ्याची बाजू रिंगेच्या आतल्या व्यासाच्या ०.७०७ पटीहून कमी असेल तर रिंग मोकळी जाते. ०.७८५ पटीहून जास्त असेल तर दाबूनही जात नाही. या दोहोंच्या मधला पट्टा लबाडीचा: दाखवताना बसते, टाकताना नाही. १०५ च्या रिंगेसाठी हा पट्टा ७४ ते साडेब्याऐंशी मिलिमीटर एवढा येतो, आणि तुमचा ८० चा ठोकळा बरोबर त्यात बसतो. वेत किंवा कडक बांबूची रिंग घेतलीत तर ही युक्ती चालणार नाही, ती वाकत नाही. तेव्हा रिंगेचं प्लास्टिक आधीच्या एखाद्या प्रसंगात वाचकाच्या हाताला लागू द्या. सोहमची ताई सहज रिंग दाबून अंडाकृती करते आणि तो म्हणतो, ‘मोडशील गं.’ एवढं पुरे.

आता खरी परीक्षा. सोहमला हरलेला घरी पाठवा. खाज्याचा पुडा हातात, पण खावंसं वाटत नाही. घरी तो पुठ्ठ्याचा ८ सेंटीमीटरचा ठोकळा करतो. साडेदहाची रिंग कुठून आणायची? फिशटँकची हवेची नळी दुकानात फुटावर मिळते. तिचं वर्तुळ करायचं, टोकांत रिफिलचा तुकडा खुपसून जोडायचं, आणि दुमडलेल्या नोटेशी ताडून आतून साडेदहा भरेपर्यंत थोडं थोडं कापायचं. ती नळी रिंगवाल्याच्या रिंगेपेक्षा बारीक असेल, पण आतला व्यास तेवढाच महत्त्वाचा. रिंग ठोकळ्यावर धरून दाबली की बसते. वरून सोडली की माथ्यावर बसून राहते. त्याला कळतं की रिंगवाल्यानं काय दाखवलं आणि काय लपवलं. आणि त्याच वेळी विचारायचा प्रश्नही सापडतो.

दुसऱ्या संध्याकाळचा प्रसंग साधारण असा लिहिता येईल:

‘काका, काल तुम्ही रिंग बसवून दाखवलीत ना, ती परत दाखवाल?’

‘दाखवतो की. हे बघ.’ दोन्ही हात, एक झटका.

‘आता नुसती वरून सोडून दाखवाल? दाबायची नाही. वीतभरच वरून.’

रिंगवाल्यानं रिंग हातात फिरवली. ‘खेळायचं असेल तर पन्नास काढ, नाहीतर बाजूला हो. मागे गर्दी आहे.’

‘माझ्याकडे पन्नास आहेत. पाच रिंगा माझ्या. पण सोडायच्या तुम्ही. तुमचा नेम माझ्यापेक्षा चांगला.’

या चाचणीचं बळ समजून घ्या, म्हणजे तिच्याभोवतीचे संवाद आपोआप घट्ट होतील. वीतभर वरून सोडताना नेमाचा प्रश्नच उरत नाही. ‘तुझा नेम वाईट’ हे रिंगवाल्याचं एकमेव उत्तर असतं, तेच काढून घेतलं. सरळ खेळात, म्हणजे ६० मिलिमीटरच्या ठोकळ्यावर, रिंगेचा मध्य एक सेंटीमीटर इकडे तिकडे झाला तरी ती खाली जाते. वीतभरावरून एवढं कुणालाही जमतं, पाचात चार-पाच वेळा. ८० च्या ठोकळ्यावर एकदाही नाही. काल १२० रिंगांनी जे सांगितलं नाही ते आज पाच रिंगा सांगतात, कारण आज त्यांच्यात नेमाची भेसळ नाही.

एक पळवाट बंद करून ठेवा. दाखवायची रिंग पुन्हा पुन्हा दाबून थोडी चौकोनी झालेली असते. तशी रिंग कोपऱ्यांशी जुळवून सोडली तर एखादे वेळी आपोआप उतरूही शकते. सोहमनं आपल्या पाच रिंगांतली रिंग पुढे करावी, आणि रिंगवाल्यानं स्वतःची उचलली तर म्हणावं, ‘ही नको, माझी घ्या.’ रिंगवाला तिथे क्षणभर थांबतो की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

कारण मापानं एक गोष्ट सिद्ध होत नाही: रिंगवाल्याला माहीत होतं का? रिंगा घाऊक बाजारातून डझनानं येतात, ठोकळे सुताराकडून. मागच्या वर्षीच्या रिंगा बारा सेंटीमीटरच्या असतील, तेव्हा याच ठोकळ्यावर त्या जात असतील (०.७०७ गुणिले १२० म्हणजे ८५, मोकळी जागा आहे), आणि यंदाच्या लहान आल्या, असं घडू शकतं. भूमितीला हेतू दिसत नाही. हेतू दिसतो तो हातात. ज्याला माहीत नाही तो रिंग वरून ठेवायला जातो, ती अडते, तो चमकतो, मग दाबतो. ज्याला माहीत आहे त्याचे अंगठे आधीच कोपऱ्यांवर असतात. तुमच्या मनात त्याला लबाडच करायचं आहे, तर पहिल्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात त्याचे अंगठे न चुकता कोपऱ्यांवर पडताना दाखवा, तेही काही भाष्य न करता. माझं मत विचाराल तर अर्धवट माहीत असलेला रिंगवाला जास्त चांगला. त्याला एवढंच ठाऊक आहे की या रिंगा घेतल्यापासून नोटा जात नाहीत, आणि त्यानं कारण शोधलेलं नाही. तो हा ‘नेमाचा खेळ’ आहे म्हणून ठामपणे सांगेल. सांगण्यात अर्थही आहे: आपल्याकडच्या १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. पण ज्यात नेमाचा उपयोगच होत नाही तो नेमाचा खेळ कसा, हे सोहम कायद्याचं नाव न घेता विचारू शकतो. पोलीस मात्र कथेत आणू नका. आणलेत की प्रश्न मोठ्यांचा होतो आणि सोहम कडेला पडतो.

सोहमनं ‘खरा खेळ’ कशाला म्हणायचं हेही त्याला आधी ठरवू द्या, नाहीतर शेवट लटपटेल. समजा रिंगवाल्यानं ठोकळे तासून ७० मिलिमीटरचे केले. कर्ण ९९, रिंग १०५, म्हणजे आता जाते. पण मध्य चुकायला जागा फक्त तीन-चार मिलिमीटरची. दीड मीटरवरून हे कुणालाही जमणार नाही, आणि वीतभरावरूनही क्वचित. असा खेळ कागदावर खरा आणि जत्रेत खोटा. सोहमला ठोकळे बदलून हवे असतील तर त्यानं साठाचे मागावेत. आणि रिंगवाल्यानंही घासाघीस करावी: साठाच्या ठोकळ्यावर पाचशेची नोट परवडत नाही, शंभराची ठेवतो. हे त्याचं म्हणणं रास्त आहे. रिंगेला दहा रुपये पडत असतील आणि वीसात एक रिंग बसली, तर पाचशेच्या नोटेवर रिंगवाल्याचे दर रिंगेला पंचवीस जातील, शंभराच्या नोटेवर पाच. त्यातून जागेचं भाडं, साबण, बिस्किटं, सगळं निघायचं आहे. सोहमला हा हिशोब पटायला हवा, आवडला नाही तरी.

शेवटी काळाचं तेवढं सांभाळा. पाचशेची नवी करड्या रंगाची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये आली, दहाची चॉकलेटी २०१८ च्या सुरुवातीला. त्याआधीच्या नोटा मोठ्या होत्या: पाचशेची १६७ मिलिमीटर लांब, दहाची १३७. कथा २०१० मधल्या जत्रेत नेलीत तर पाचशेच्या नोटेपलीकडे लाकूड दिसायला बाजू साडेत्र्याऐंशीहून मोठी लागेल, आणि एवढ्या ठोकळ्यावर १०५ ची रिंग दाबूनही बसत नाही. मग रिंगवाल्याचं प्रात्यक्षिकच कोसळतं. पौषातली जत्रा २०१९ किंवा त्यानंतरची ठेवा. आणि जुन्या दहाच्या नोटा अजून चालतात, म्हणून सोहमच्या हातातली नोट चॉकलेटी, मागे कोणार्कचं सूर्यमंदिर असलेली आहे, हे एकदा लिहून टाका.